सांगितलेल्या कथेचे शीर्षकपृष्ठ

छापील कथासंग्रह हाती घेतला की पहिली दोन पाने उलटताच काही गोष्टी आपल्याला न विचारता कळतात. पुस्तक कोणाचे, भाषांतर असल्यास ते कोणी केले, प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी आणि हक्क कोणाकडे, हे सारे तेथे बारीक अक्षरांत नोंदलेले असते. समीक्षक या पानांकडे सहसा पाहत नाहीत. ती बरोबर असणार हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. परंतु आता कथा डोळ्यांप्रमाणे कानांवाटेही येऊ लागली आहे. परप्रांती बदलीच्या गावी, जेथे मराठी पुस्तकांचे दुकान नाही आणि मराठी मंडळाचे कपाट वर्षातून दोनदा उघडते, तेथे संध्याकाळी यूट्यूबवर कोणीतरी वाचलेली मराठी कथा ऐकणे हा आपल्यापैकी अनेकांचा परिपाठ झाला आहे. या सांगितलेल्या कथेला शीर्षकपृष्ठ नसते. त्याऐवजी चित्रफितीच्या खाली पाच-सहा ओळींची एक नोंद असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. आम्ही तिला साधे ‘नोंद’च म्हणू. लेखक, वाचक, कथाप्रकार, कालावधी आणि स्वामित्वहक्क ही तिची पाच कलमे.

या नोंदीचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. कोणी म्हणेल, कथा सोडून तिच्या चिठ्ठीची समीक्षा कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की, या पाच ओळींपैकी प्रत्येक ओळ हे कथेविषयीचे एक विधान असते, आणि ते खरे की खोटे हे कथा ऐकूनच ठरवावे लागते. म्हणजे नोंद तपासणे म्हणजे कथाच बारकाईने ऐकणे होय.

उदाहरणासाठी आम्ही रवींद्रनाथ टागोरांची ‘काबुलीवाला’ ही कथा घेतो. ती सर्वांच्या परिचयाची आहे, अनेकांनी ती मराठीत वाचून दाखविली आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आपल्या देशातील स्वामित्वहक्काच्या मुदतीशी तिच्या लेखकाचा अगदी जवळचा संबंध आहे. खालील नोंद कोणा एका चित्रफितीची नव्हे. अशा नोंदींत वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून आम्ही ती नमुन्यादाखल रचली आहे.

कथा : काबुलीवाला, हृदयस्पर्शी मराठी कथा
लेखक : रवींद्रनाथ टागोर
आवाज : (वाचकाचे नाव)
प्रकार : बालकथा, भावनिक कथा
कालावधी : ११ मिनिटे ४० सेकंद
हक्क : कथेचे हक्क मूळ लेखकाकडे राखीव. केवळ मनोरंजनासाठी. हक्कभंगाचा हेतू नाही.

वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. कचेरीत एखाद्या टिपणावर सर्वांच्या सह्या असाव्यात तशी ही नोंद भरलेली आहे. परंतु तिच्यात निदान चार गोष्टी सदोष आहेत, आणि पहिली तर लेखकाच्या नावातच आहे.

रवींद्रनाथांनी ही कथा बंगालीत लिहिली. ती १८९२ साली ‘साधना’ या बंगाली मासिकात आली. (साने गुरुजींनी पुढे सुरू केलेल्या आपल्या ‘साधना’ साप्ताहिकाशी त्याची गल्लत करू नये.) म्हणजे आपण मराठीत जे शब्द ऐकतो त्यांतील एकही शब्द रवींद्रनाथांनी लिहिलेला नाही. ते कोणा भाषांतरकाराचे आहेत, आणि नोंदीत त्याचा पत्ता नाही. ‘लेखक : रवींद्रनाथ टागोर’ हे विधान खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग नेमका तो आहे की ज्यावर आपण ऐकतो त्या वाक्यांची बरी-वाईट जबाबदारी येते.

भाषांतरकाराचे नाव नसल्याने नुकसान काय होते ते कथेतूनच पाहावे. कथेच्या आरंभी पाच वर्षांची बडबडी मिनी धावत येऊन वडिलांपाशी दारवानाची तक्रार करते. रामदयाळ दारवान कावळ्याला ‘कौआ’ म्हणतो, त्याला काहीच कळत नाही, असे तिचे म्हणणे. बंगालीत कावळ्याला ‘काक’ म्हणतात, आणि दारवान हिंदी बोलणारा आहे. परप्रांतीयाची भाषा ही त्या बालिकेला चूक वाटते. कथा पुढे ज्या परक्या माणसाकडे जाणार आहे त्याची ही पहिली चाहूल आहे. भगिनी निवेदितांनी केलेले या कथेचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९१२ साली, ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात प्रसिद्ध झाले, आणि १९१६ च्या मॅकमिलनच्या इंग्रजी संग्रहात ही कथा आली. त्या संग्रहातील इंग्रजीत हिंदी शब्द ठेवणे शक्य नव्हते. म्हणून तेथे दारवान ‘क्रो’ या इंग्रजी शब्दाचाच काहीसा वेडावाकडा उच्चार करतो. आता मराठी वाचनात जर दारवान ‘कौआ’ म्हणाला तर भाषांतरकारापुढे बंगाली मूळ, किंवा त्यावरून केलेले हिंदी भाषांतर, होते असे अनुमान करता येते. तो जर कावळ्याचा नुसता बोबडा किंवा चुकीचा उच्चार करीत असेल, तर हे भाषांतर इंग्रजीवरून आले असण्याचा संभव बराच आहे. दुसऱ्या प्रकारात दारवान परप्रांतीय उरत नाही, अडाणी ठरतो. तक्रार तीच राहते, पण तिच्यामागचे माणूस बदलते.

दुसरी खूण ‘सासर’ या शब्दाची. मिनी आणि काबुलीवाला रहमत यांच्यात सासरी जाण्याविषयी एक ठरलेला विनोद आहे. बंगालीत एकच शब्द मुलीच्या सासरालाही चालतो आणि पुरुषाच्या सासुरवाडीलाही; आणि रहमतच्या वर्गातील लोकांत त्याचा एक तिसराही अर्थ आहे, तो म्हणजे तुरुंग. पुढे रहमत खरोखरच तुरुंगात जातो आणि ज्या दिवशी सुटून येतो तो मिनीच्या लग्नाचा, म्हणजे तिने सासरी जाण्याचा दिवस असतो. एका शब्दावर कथेचे दोन्ही टोकांचे प्रसंग टांगलेले आहेत. मराठीत मात्र मुलगी ‘सासरी’ जाते आणि पुरुष ‘सासुरवाडीला’ जातो. भाषांतरकाराला येथे निर्णय घ्यावाच लागतो. तो त्याने कसा घेतला, टीप देऊन की संवाद थोडा वाकवून, यावर त्याची योग्यता ठरते. पण ज्याचे नावच नोंदीत नाही त्याला श्रेयही देता येत नाही आणि दोषही. चांगले साधले तर रवींद्रनाथ थोर ठरतात. फसले तर ‘जुनी कथा, आता तितकी भिडत नाही’ असा शेरा तेही रवींद्रनाथांवरच पडतो.

याच कलमात आणखी एक प्रकार संभवतो. काही वेळा जे ऐकू येते ते भाषांतर नसते, तर कोणीतरी आठवणीवरून सांगितलेली गोष्ट असते. आणि ती आठवण पुस्तकाची नसून चित्रपटाची असते. १९६१ साली बलराज साहनींची भूमिका असलेला ‘काबुलीवाला’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात अफगाणिस्तानातील घर आहे, तेथील मुलगी आहे आणि तिचे नाव अमीना आहे. रवींद्रनाथांची कथा कलकत्त्याबाहेर पाऊल टाकीत नाही. रहमतची मुलगी तेथे एका कागदावर उमटविलेल्या हाताच्या ठशाएवढीच दिसते, आणि हे एवढेच दिसणे हाच कथेचा प्राण आहे. म्हणून सांगणाऱ्याच्या तोंडी ‘अमीना’ हे नाव आले, किंवा गोष्ट काबूलच्या घरात सुरू झाली, तर ओळखावे की ही कथा चित्रपटावरून सांगितली जात आहे. तशी सांगण्यास आमची हरकत नाही. पण मग नोंदीत ‘लेखक’ म्हणून रवींद्रनाथांचे नाव टाकून थांबणे म्हणजे त्यांनी न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर जमा करणे होय.

येथून आपण दुसऱ्या कलमाकडे, वाचकाकडे येतो. ‘आवाज’, ‘निवेदन’, ‘कथाकथन’, ‘सादरीकरण’, ‘अभिवाचन’ असे पाच-सहा शब्द या जागी हवे तसे वापरले जातात. आमच्या मते त्यांत निश्चित भेद ठेवला पाहिजे. छापलेली संहिता जशीच्या तशी वाचली तर ते वाचन. कथा आपल्या शब्दांत सांगितली तर ते कथन. आणि प्रसंग, पात्रे किंवा शेवट बदलला तर ते रूपांतर. ‘निवेदक’ हा शब्द तर येथे टाळलेलाच बरा. ‘काबुलीवाला’ ही कथा मिनीच्या वडिलांनी ‘मी’ म्हणून सांगितलेली आहे, म्हणजे समीक्षेच्या अर्थाने निवेदक ते आहेत. माइकपुढे बसलेली व्यक्ती नव्हे.

मराठीत हा घोळ होण्यास एक सुखाचे कारणही आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले तेव्हा सांगणारा आणि लिहिणारा एकच होता. व्यासपीठावरचा माणूस आपलीच कथा आपल्या मनाप्रमाणे फुलवीत होता, आणि लेखक, संहिता, सांगणारा असे तीन रकाने करण्याची तेथे गरज नव्हती. आज दुसऱ्याची कथा तिसऱ्याच्या भाषांतरातून चौथा वाचतो, तेव्हा तीच मोकळीक चालत नाही. त्यात चौथ्याचेही हित आहे. भारतीय कायदा प्रयोग करणाऱ्याला, म्हणजे येथे वाचकाला, स्वतंत्र हक्क देतो; तो प्रयोगाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाबरोबर आपले नाव जोडले जावे असे म्हणण्याचा अधिकारही त्याला मिळाला आहे. म्हणून वाचकाचे नाव आणि वाचनाचे वर्ष हे दोन्ही नोंदीत असणे त्याच्याच पथ्यावर पडते. नाव बहुधा असते. वर्ष जवळजवळ कधीच नसते.

तिसरे कलम कथाप्रकाराचे. आमच्या नमुन्यात ‘बालकथा, भावनिक कथा’ असे आहे. मिनी पाच वर्षांची, म्हणून बालकथा; शेवटी डोळे ओलावतात, म्हणून भावनिक. पहिले विधान साफ चुकीचे आहे. कथा मुलीच्या डोळ्यांतून पाहिलेली नाही. ती एका बापाने दुसऱ्या बापाला ओळखल्याची कथा आहे, आणि मिनी तर मोठी होऊन काबुलीवाल्याला विसरूनही जाते. तिच्यात उधारीच्या शालीवरून झालेली भोसकाभोसकी आहे, तुरुंग आहे, आईच्या मनातील परक्याविषयीची भीती आहे. लहान मुलाला ही कथा ऐकवू नये असे नव्हे. पण ती त्याच्यासाठी लिहिलेली नाही.

शिवाय ही चूक केवळ समीक्षेपुरती राहत नाही. यूट्यूबवर चित्रफीत चढविताना ती ‘मुलांसाठी’ आहे की नाही हे सांगणे सक्तीचे असते. ‘मुलांसाठी’ म्हटले की तिच्याखाली कोणाला अभिप्राय लिहिता येत नाही. म्हणजे ज्या श्रोत्याने भाषांतराविषयी शंका विचारली असती त्याचे तोंड बंद होते. आणि वर्गवारीच्या यादीत ‘शिक्षण’, ‘मनोरंजन’, ‘चित्रपट’, ‘संगीत’ असे वर्ग आहेत, परंतु ‘साहित्य’ असा वर्गच नाही. त्यामुळे खरा कथाप्रकार सांगण्याची एकमेव जागा म्हणजे आपल्या हाताने लिहावयाच्या या ओळी. तेथे ‘हृदयस्पर्शी’ हे विशेषण घालणे म्हणजे प्रकार सांगणे नव्हे, जाहिरात करणे होय. ‘लघुकथा, १८९२, मोठ्यांसाठी’ एवढे तीन शब्द पुरे होते.

चौथे कलम कालावधीचे. ते तर यंत्रच भरते, मग त्यात चूक काय होणार, असे कोणास वाटेल. यंत्र चित्रफितीची लांबी सांगते, कथेची नाही. ११ मिनिटे ४० सेकंदांतून आरंभीचे स्वागत, मधली विनंती आणि शेवटचे आभार यांचे एखादे मिनिट वजा करा. सावकाश व स्पष्ट मराठी वाचणारा माणूस मिनिटाला सुमारे ११० ते १३० शब्द वाचतो. म्हणजे साडेदहा मिनिटांत साधारण साडेबाराशे शब्द होतील. ‘काबुलीवाला’ कोणत्याही पूर्ण भाषांतरात एवढ्यात बसत नाही. तेव्हा कथेचा मोठा भाग गळलेला आहे हे चित्रफीत न ऐकताही, नुसत्या आकड्यावरून, सांगता येते.

काय गळले हे मात्र ऐकूनच कळेल, आणि त्यासाठी तीन जागा पाहाव्यात. पहिली, मिनीच्या वडिलांची घरबशी भ्रमंती. हा गृहस्थ कलकत्ता सोडून कधी कोठे जात नाही, पण परक्या मुलखाचे नाव ऐकताच त्याचे मन डोंगरदऱ्यांतून फिरू लागते. काबुलीवाल्याशी त्याची मैत्री होते ती यामुळे. दुसरी, मिनीच्या आईची भीती. तिसरी, शेवटचा हिशेब. रहमतला घरी परतण्यासाठी पैसे दिल्यामुळे लग्नाच्या समारंभातील विजेची रोषणाई आणि बँड यांना काट द्यावी लागते, घरातील बायका त्यावर नाराज होतात, आणि तरीही बापाला त्या लग्नावर एक निराळाच प्रकाश पडल्यासारखा वाटतो. संक्षेप करणाऱ्याची कात्री सहसा या तीन जागांवर चालते. कारण तेथे ‘काही घडत नाही’. मग उरतो तो एक दाढीवाला परका, एक गोड मुलगी आणि एक कागद. अशी कथा खरोखरच ‘भावनिक’ ठरते. म्हणजे चौथ्या कलमातील कात्रीने तिसऱ्या कलमातील चूक खरी करून दाखविलेली असते! म्हणून कालावधीशेजारी ‘संपूर्ण’ की ‘संक्षिप्त’ हा एक शब्द, आणि कथा कितव्या मिनिटाला सुरू होते एवढा एक आकडा, आम्ही अत्यावश्यक समजतो.

आता पाचवे कलम; आणि प्रत्यक्ष हानी होते ती येथेच. ‘कथेचे हक्क मूळ लेखकाकडे राखीव’ हे आमच्या नमुन्यातील वाक्य रवींद्रनाथांच्या बाबतीत सरळ असत्य आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ठरावीक वर्षे चालतो. ही वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. मूळ मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ च्या ऑगस्टात वारले. म्हणजे १९४२ च्या आरंभापासून मोजून ३१ डिसेंबर १९९१ रोजी त्यांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क संपणार होता. तो संपू नये म्हणून त्या महिन्याच्या अखेरीस वटहुकूम निघाला, १९९२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मुदत ६० वर्षांची झाली. ती झाली सर्वच लेखकांसाठी, पण निमित्त रवींद्रनाथांचे. अशा रीतीने ३१ डिसेंबर २००१ रोजी तो हक्क संपला, आणि तेव्हापासून भारतात ‘काबुलीवाला’ कोणीही वाचावी, भाषांतरित करावी, छापावी. वाचकाने उगाच भिऊन कोणाकडे तरी ‘हक्क राखीव’ ठेवण्याचे कारण नाही.

परंतु याच्या उलट चूक अधिक सार्वत्रिक आहे. ‘टागोर हक्कमुक्त झाले’ एवढे कळताच कपाटातील कोणतेही मराठी भाषांतर उघडून वाचावयास हरकत नाही, असा समज होतो. भाषांतर ही स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिची ६० वर्षे भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर मोजावयाची असतात. याचे एक ठळक उदाहरण आपल्याकडेच आहे. मामा वरेरकरांनी शरदचंद्र चट्टोपाध्यायांचे साहित्य बंगालीतून मराठीत आणले. शरदचंद्र १९३८ साली वारले. त्यांचे मूळ लेखन, तेव्हाच्या ५० वर्षांच्या मुदतीप्रमाणे, १९८९ च्या आरंभी मोकळे झाले. मामा वारले १९६४ साली. त्यांची मराठी भाषांतरे १ जानेवारी २०२५ रोजी मोकळी झाली. एकाच पुस्तकाच्या मुळात आणि मराठी भाषांतरात ३६ वर्षांचे अंतर! त्या ३६ वर्षांत ज्या कोणी ‘शरदबाबू हक्कमुक्त आहेत’ असे म्हणून मामांचे शब्द परवानगीवाचून संपूर्ण वाचून प्रसिद्ध केले असतील, त्यांनी मामांच्या वारसांचा हक्क डावलला असेच म्हणावे लागेल. म्हणूनच पहिल्या कलमातील भाषांतरकाराचे नाव ही केवळ सौजन्याची बाब नाही. ते नसेल तर पाचवे कलम भरताच येत नाही.

मूळ मराठी कथांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे, पण निराशाजनक आहे. माडगूळकर २००१ साली गेले. त्यांच्या कथांचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. मिरासदार २०२१ साली गेले. तेथे २०८१ लिहावे लागेल. कथा जुनी आहे, पुस्तक मिळत नाही, लेखक हयात नाही, यांपैकी कोणतीही सबब मुदत कमी करीत नाही. कायद्याने जाहीर वाचनास मुभा दिली आहे ती प्रसिद्ध साहित्यकृतीतील ‘वाजवी उताऱ्यां’ची, संपूर्ण कथा हा उतारा होत नाही. आणि ‘केवळ मनोरंजनासाठी, हक्कभंगाचा हेतू नाही’ या वाक्याने तर काहीच साधत नाही. रजेचा अर्ज मंजूर करून न घेता ‘गैरहजर राहण्याचा हेतू नाही’ असे टेबलावर लिहून ठेवून घरी जाण्यासारखे ते आहे.

कथा आणि भाषांतर दोन्ही मोकळी असली तरी चित्रफीत मोकळी होत नाही. तिच्यात आणखी थर असतात. वाचकाचा हक्क आम्ही वर सांगितला. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून निराळा असून तो प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांचा असतो. त्यामुळे कोणी २०२० साली मुद्रित करून प्रसिद्ध केलेले ‘काबुलीवाला’चे वाचन उचलून आपल्या चित्रांखाली लावणे हा हक्कभंगच आहे, कथा कितीही हक्कमुक्त असली तरी. मग येते पार्श्वसंगीत. वाचकांपैकी कोणाला १९६१ च्या चित्रपटातील एखाद्या गीताची चाल कथेमागे वाजविण्याचा मोह होतो. त्या चित्रपटाची आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे २०२१ अखेर भरली. परंतु संगीतकार सलील चौधरी १९९५ साली वारले, आणि संगीतकृतीची मुदत संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजावयाची, म्हणून ती चाल २०५५ अखेरपर्यंत हक्कांकित आहे. शब्द हवे असतील तर गीतकाराचा हिशेब आणखी निराळा.

घोटाळा झाला आहे हे बहुधा येथेच प्रथम कळते. यूट्यूबवर यांत्रिक पडताळणीतून दावा आला तर त्यात दावेदार कोण आणि चित्रफितीचा कोणता भाग, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, हे दाखविलेले असते. तो भाग जेथे फक्त संगीत आहे तेथलाच असेल, तर दावा कथेवर नाही हे उघड आहे. संगीत काढून टाकले की प्रश्न मिटतो. संपूर्ण वाचनावर हक्कदाराने स्वतः तक्रार केली असेल तर गोष्ट गंभीर. अशा तीन तक्रारी ९० दिवसांत मान्य झाल्या तर वाचकाचे सारे दालनच बंद होऊ शकते, आणि त्याबरोबर त्याने रीतसर परवानगीने वाचलेल्या कथाही जातात.

आणखी एक अडचण यंत्राचीच आहे. चित्रफीत चढविताना परवान्याचे दोनच पर्याय मिळतात: `Standard YouTube License` आणि `Creative Commons - Attribution`. ‘मूळ कथा हक्कमुक्त, पण वाचन माझे’ असे म्हणण्यास तेथे रकाना नाही. दुसरा पर्याय निवडणारा आपल्या श्रेयाच्या अटीवर चित्रफीत इतरांना वापरू देतो. पण तसे करण्यास आतील प्रत्येक थर त्याचा स्वतःचा किंवा मोकळा असावा लागतो. या संदर्भात २००५ पासून चाललेल्या लिब्रिव्हॉक्स या स्वयंसेवी वाचनसंस्थेची नोंद पाहण्यासारखी असते. तेथे लेखक त्याच्या जन्म-मृत्यूच्या सालांसह, भाषांतरकार, वाचक, कथाप्रकार आणि कालावधी असे वेगळे रकाने आहेत, आणि वाचकाने आपला आवाजही हक्कमुक्त केलेला असतो. लेखकाचे मृत्यूचे साल देण्याची ही साधी रीत आम्हांस फार मोलाची वाटते. ते साल दिसले की हक्काचा हिशेब कोणालाही बोटांवर करता येतो. मात्र ती संस्था हक्काची मुदत अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे पाहते. मुदत देशागणिक बदलते, म्हणून आपल्या नोंदीत ‘भारतात’ हा शब्द घालणे इष्ट.

आपला कायदा या बाबतीत उदासीन नाही. १९८४ च्या दुरुस्तीपासून ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना मुद्रण करणाराचे नाव-पत्ता, आतील कृतीच्या हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष, हे मुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर दिलेच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर आणि कॅसेटच्या कागदावर ते छापलेले असे. तबकडी गेली, वेष्टन गेले. आणि वेष्टनावरच्या ओळी लिहिण्याची सवयही त्याबरोबर गेली.

वरील नमुना दुरुस्त करून आम्ही असा लिहू :

कथा : काबुलीवाला (मूळ बंगाली, ‘साधना’ मासिक, १८९२)
लेखक : रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१)
मराठी भाषांतर : भाषांतरकाराचे नाव व, दिवंगत असल्यास, मृत्यूचे साल, बंगालीवरून की इंग्रजीवरून, प्रसिद्धीचे साल
वाचन : वाचकाचे नाव, मुद्रणाचे साल
प्रकार : लघुकथा, मोठ्यांसाठी
कालावधी : एकूण लांबी, कथेचा आरंभ कितव्या मिनिटाला, संपूर्ण किंवा संक्षिप्त
हक्क : मूळ कथा भारतात १ जानेवारी २००२ पासून हक्कमुक्त. भाषांतराचा हक्क अमक्याचा, परवानगीने. वाचन व मुद्रण अमक्याचे. संगीत अमक्याचे, किंवा नाही.

या सात ओळींना यूट्यूबच्या पाच हजार अक्षरांच्या जागेतील अगदी थोडा कोपरा लागतो. त्यांतील कोणतीही ओळ भरता आली नाही, तर ती का भरता येत नाही याचा शोध कथा वाचण्यापूर्वीच घ्यावा. भाषांतरकाराचे नाव सापडत नसेल, तर ‘काबुलीवाला’पुरता एक मार्ग सदैव मोकळा आहे. मूळ कथा आता सर्वांची आहे, आणि कलकत्त्यास, सिलिगुडीस किंवा आसनसोलास चार-पाच वर्षे काढून बंगाली वाचू लागलेले मराठी अधिकारी आपल्यांत थोडे नाहीत. त्यांच्यापैकी कोणी ती बंगालीवरून नव्याने मराठीत आणावी. रामदयाळाचा ‘कौआ’ मराठीत कसा ठेवावयाचा आणि सासर व सासुरवाडी यांचा पेच कसा सोडवावयाचा, हे त्याने ठरवावे, आणि नोंदीच्या तिसऱ्या ओळीत स्वतःचे नाव लिहावे.